थांबलेल्या लाटेची त्रिज्या

तुम्ही उतरता तेव्हा विश्वाचे वय दहा हजार वर्षे आहे. तारा एकही नाही, अंधारही नाही. वर, खाली, समोर, मागे सगळीकडे सारखाच लखलखाट आहे आणि तो कुठून येतो हे सांगता येत नाही, कारण तो सगळीकडूनच येतो. तापमान वीस हजार अंशांच्या पुढे आहे. कुठल्याही दिशेला फार तर दहा-पंधरा प्रकाशवर्षे दिसते. तेवढे अंतर कापेपर्यंत प्रकाशाचा प्रत्येक कण एखाद्या मोकळ्या इलेक्ट्रॉनवर आपटतो आणि भलत्याच दिशेला वळतो. या धुक्यात थेंब नाहीत, सुटे इलेक्ट्रॉन आहेत.

हात पुढे करा. हाताला काहीच लागणार नाही. एका घन सेंटिमीटरमध्ये अणूंचे जेमतेम लाखभर गाभे आहेत. आपण श्वासात घेतो त्या हवेत तेवढ्याच जागेत याच्या कोट्यवधी पट रेणू असतात. अशा विरळ वायूत आवाज कसा चालेल, असा प्रश्न पडणे रास्त आहे. वायू एकटा असता तर असा आवाज चाललाच नसता. पण इथे दर प्रोटॉनमागे शंभर कोटींहून जास्त प्रकाशकण आहेत. दाब आहे तो प्रकाशाचा. इलेक्ट्रॉनांना प्रकाश ढकलतो, विद्युत आकर्षणामुळे प्रोटॉन इलेक्ट्रॉनांच्या मागे ओढले जातात, आणि प्रकाश व पदार्थ मिळून एकच द्रव असल्यासारखे वागतात. प्रोटॉन, न्यूट्रॉन आणि त्यांनी बनलेल्या सगळ्या नेहमीच्या पदार्थाला भौतिकशास्त्रज्ञ बॅरिऑन म्हणतात. तुम्ही आणि मी ज्या पदार्थाचे आहोत, तोच हा.

आता जरा बारकाईने पाहा. तुम्ही मुद्दाम निवडलेल्या जागी उभे आहात. विश्वाच्या पहिल्या क्षणी इथे एक गाठ होती, म्हणजे आजूबाजूपेक्षा पदार्थ किंचित जास्त होता. किंचित म्हणजे लाखात एखाद-दोन भाग. त्या गाठीत चार गोष्टी एकत्र होत्या: कृष्णद्रव्य, बॅरिऑन, प्रकाश आणि न्यूट्रिनो. न्यूट्रिनो कोणाशी टक्कर घेत नाहीत, ते जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने केव्हाच निघून गेले. कृष्णद्रव्यावर प्रकाशाचा दाब चालत नाही, म्हणून ते जिथल्या तिथे राहिले आणि गुरुत्वाकर्षणाने आणखी दाट होत आहे. प्रकाश आणि बॅरिऑन मात्र जास्तीच्या दाबामुळे बाहेर फेकले गेले. तेव्हापासून एक गोल लाट सर्व बाजूंना पसरत चालली आहे. तिची त्रिज्या आता सुमारे अकरा हजार प्रकाशवर्षे आहे.

लाट दहा हजार वर्षे चालली आणि अकरा हजार प्रकाशवर्षे गेली, तर ती प्रकाशाहून वेगवान झाली की काय? नाही. तिचा वेग सेकंदाला सुमारे एक लाख सत्तर हजार किलोमीटर आहे, प्रकाशाच्या वेगाचा जवळजवळ ५८ टक्के. पण तिने मागे टाकलेली जागाही या काळात ताणली गेली. चाललेल्या वाटेची लांबी चालून झाल्यावरही वाढत राहिली. पुढचे सगळे समजण्यासाठी ही एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

लाटेच्या आघाडीवर जाऊन उभे राहा आणि तिच्याबरोबर चाला. हा आवाज ऐकू येणारा नाही. याचा एक हेलकावा पुरा व्हायला लाखो वर्षे लागतात. जाणवते ते इतकेच की तुमच्याभोवती द्रव थोडा दाट आणि थोडा गरम आहे. मागे वळून पाहिले तर गाठीच्या जागी जास्तीचे बॅरिऑन आणि जास्तीचा प्रकाश उरलेले नाहीत, तिथे फक्त न दिसणारे कृष्णद्रव्य साठत आहे.

पन्नास हजार वर्षांच्या सुमारास एक सत्तांतर होते. तोपर्यंत विश्वातली सर्वांत जड गोष्ट प्रकाश होती. विश्व फुगताना पदार्थ विरळ होतो, तसा प्रकाशही होतो, पण प्रकाशाच्या प्रत्येक कणाची तरंगलांबी ताणली जाऊन त्याची ऊर्जाही घटते. म्हणून तो पदार्थापेक्षा लवकर हलका होतो. आता पदार्थाचे पारडे जड झाले. तुमच्या लाटेला हे जाणवते. प्रकाशाला तेच बॅरिऑन वाहायचे आहेत, पण त्याचा स्वतःचा जोर घटला आहे, म्हणून लाट मंदावते. शेवटी तिचा वेग प्रकाशाच्या ४५ टक्क्यांच्या आसपास येतो. वेग किती घटला हे बॅरिऑन किती आहेत यावर ठरते. म्हणजे विश्वात साधा पदार्थ किती, याची नोंद लाटेच्या चालीतच होत राहते.

चालत राहा. तीन लाख वर्षे झाली. तापमान तीन हजार अंशांकडे उतरत आहे, सूर्याच्या पृष्ठभागाच्या साधारण निम्मे. लखलखाट आता नारिंगी आहे. आणि धुके फाटू लागले आहे.

एवढ्या थंडाव्यात प्रोटॉन इलेक्ट्रॉनांना पकडून ठेवू शकतात. हायड्रोजनचे अणू तयार होतात. अणूत बांधलेला इलेक्ट्रॉन प्रकाशाला पूर्वीसारखा अडवत नाही. विश्वाच्या वयाच्या ३ लाख ८० हजार वर्षांच्या आसपास, काही दहा हजार वर्षांच्या अवधीत, तुमच्या भोवतालचा प्रकाश सुटतो आणि सरळ निघून जातो. तो थेट आपल्यापर्यंत येईल. वाटेत ताणला जाऊन त्याच्या सूक्ष्मलहरी होतील आणि १९६५ पासून माणसे त्याला वैश्विक पार्श्वभूमी प्रारण म्हणून ओळखतील.

लाटेचे काय झाले? तिला पुढे ढकलणारा दाब प्रकाशाचा होता, आणि तो प्रकाश गेला. मागे राहिलेल्या विरळ वायूचा स्वतःचा दाब नगण्य आहे. प्रकाशाच्या जवळपास निम्म्या वेगाने धावणारा आवाज इथे थांबतो. तो विरला नाही की कशावर आपटला नाही, त्याला पुढे नेणारे कोणी उरले नाही इतकेच. बॅरिऑनांचे गोल कवच जिथे होते तिथेच राहते.

इथे घाई करू नका, कारण एक बारकावा आहे. तुमच्या डोळ्यांपुढून प्रकाश मोकळा झाला तरी कवचातला वायू लगेच सुटत नाही. प्रकाशकणांची संख्या इतकी प्रचंड आहे की बहुतेक कण कशालाही न धडकता गेले, तरी उरलेल्या थोड्यांचा मारा बॅरिऑनांना ओढत राहतो. प्रकाशाच्या दृष्टीने ताटातूट आधी झाली, बॅरिऑनांच्या दृष्टीने किंचित नंतर. त्यामुळे पार्श्वभूमी प्रारणात दिसणारी लांबी आणि दीर्घिकांमध्ये उरलेली लांबी यांत सुमारे दोन टक्क्यांचा फरक आहे. दोन्ही एकच समजून गणित केले तर उत्तर दोन टक्क्यांनी चुकते, आणि आजच्या मोजणीत दोन टक्के म्हणजे घोडचूक.

कवचाची त्रिज्या आता सुमारे साडेचार लाख प्रकाशवर्षे आहे. यापुढे लाट म्हणून ते एक पाऊलही टाकणार नाही. जागा ताणली जाईल तितकेच ते ताणले जाईल. आजपर्यंत ही जागा हजारपटीहून थोडी जास्त ताणली गेली आहे, त्यामुळे आजच्या हिशेबात ही त्रिज्या ४८ कोटी प्रकाशवर्षे होते. खगोलशास्त्रज्ञांच्या एककात १४७ मेगापार्सेक. ही लांबी पार्श्वभूमी प्रारणाच्या मोजमापांवरून पाव टक्क्याहून कमी अनिश्चिततेने काढता येते. लाट केव्हा निघाली, कोणत्या वेगाने चालली आणि केव्हा थांबली, हे ठाऊक असले की ती किती दूर गेली हे निघतेच. १९७० मध्ये प्रिन्स्टनचे जिम पीबल्स आणि जेर यू यांनी, आणि त्याच वर्षी मॉस्कोत रशीद सुन्यायेव आणि याकोव झेल्दोविच यांनी, अशा ध्वनिलहरींचा ठसा पदार्थाच्या मांडणीत उरला पाहिजे हे गणिताने दाखवले होते. तो दीर्घिकांमध्ये दिसायला पस्तीस वर्षे लागली. एवढा वेळ का लागला, हे पुढच्या मुक्कामावर स्वतःच अनुभवा.

आता काही कोटी वर्षे अंधारात काढा. नारिंगी प्रकाश लाल होत होत डोळ्यांना दिसेनासा झाला आहे. पहिले तारे अजून पेटायचे आहेत. या अंधारात गुरुत्वाकर्षण काम करत आहे. मध्यभागी कृष्णद्रव्याची गाठ आहे, साडेचार लाख प्रकाशवर्षांवर (आणि ते अंतर वाढत चालले आहे) बॅरिऑनांचे कवच आहे. गाठ वायूला ओढते, कवच कृष्णद्रव्याला ओढते. हळूहळू दोन्हीकडे दोन्ही प्रकारचा पदार्थ जमतो. पण ही बरोबरीची ओढाताण नव्हे. एकूण पदार्थात बॅरिऑन जेमतेम सहावा हिस्सा आहेत. म्हणून मधली गाठ जबरदस्त होते आणि कवच फिकट राहते. सगळा पदार्थ बॅरिऑनांचाच असता तर आकाशात ही कडी ठळक दिसली असती. ती जेमतेम दिसते हाच कृष्णद्रव्य असल्याचा एक पुरावा आहे, आणि माझ्या मते फारसा न सांगितला गेलेला.

पुढचा मुक्काम आपल्या काळाच्या सुमारे चारशे कोटी वर्षे आधी. तुम्ही एका दीर्घिकासमूहाच्या मध्यभागी, एका अवाढव्य लालसर दीर्घिकेत आहात. नवे तारे जन्मणे इथे जवळपास थांबले आहे. जुने, लाल तारे तेवढे तेवत आहेत. अशा दीर्घिका गाठींच्या जागी, म्हणजे कृष्णद्रव्याच्या सर्वांत दाट ठिकाणी सापडतात, म्हणून तुम्हाला इथे आणले. तुमच्याभोवती कुठेतरी ते कवच आहे. शोधा.

सापडणार नाही. तुमच्याभोवती ४८ कोटी प्रकाशवर्षे त्रिज्येचे (आजच्या हिशेबाने) आणि साडेचार कोटी प्रकाशवर्षे जाडीचे एक काल्पनिक कवच आखा. तुमच्यासारख्या तेजस्वी लाल दीर्घिका त्यात सरासरी ऐंशीच्या आसपास असतील. आवाजाने थांबवलेल्या पदार्थामुळे त्यांत भर पडते सुमारे एक टक्क्याची, म्हणजे एकाही दीर्घिकेची नाही. आणि निव्वळ योगायोगाने ऐंशीच्या जागी एकाहत्तर किंवा एकोणनव्वद असणे अगदी सहज घडते. एका दीर्घिकेभोवती पाहून हे कवच दिसणे अशक्य आहे.

शिवाय कवच एक नाही. पहिल्या क्षणी गाठी सर्वत्र होत्या, आणि प्रत्येक गाठीतून तशीच लाट निघाली. तळ्यावर सर कोसळताना पाण्याचा पृष्ठभाग जसा दिसतो, तशी ही स्थिती आहे. हजारो वर्तुळे एकमेकांवर चढलेली असतात आणि कुठलेच वेगळे ओळखू येत नाही. पण समजा सगळे थेंब एकाच वेळी पडले आणि एकाच क्षणी तळे गोठले, तर प्रत्येक वर्तुळाची त्रिज्या सारखीच असेल. वर्तुळ दिसले नाही तरी ती त्रिज्या मोजणीतून बाहेर काढता येईल.

ती मोजणी पाहायला न्यू मेक्सिकोत या. वर्ष २००३ धरा. सॅक्रॅमेंटो डोंगरांत अपाचे पॉइंट नावाच्या जागी, समुद्रसपाटीपासून सुमारे २८०० मीटर उंचीवर, अडीच मीटर आरशाची एक दुर्बीण आहे. स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे तिच्यावर चालते. दुपार आहे. तुमच्यापुढे ॲल्युमिनियमची एक मोठी गोल तबकडी आहे आणि तिला ६४० भोके आहेत. प्रत्येक भोक आकाशातल्या एका ठरलेल्या बिंदूच्या जागी पाडलेले आहे. तबकड्या सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात तयार होऊन येतात. भोके पाडताना तो भाग आकाशात किती उंचीवर असताना निरीक्षण होणार, हेही धरलेले असते, कारण वातावरणात प्रकाश वाकतो आणि जागा सरकते. माणसे बसून प्रत्येक भोकात हाताने प्रकाशतंतू खोवतात. कोणता तंतू कोणत्या भोकात गेला याची नोंद नंतर यंत्र करते, त्यामुळे खोवणाऱ्याला क्रम पाळावा लागत नाही.

तुम्हीही एक तंतू खोवा. रात्री त्याच्या टोकावर त्या लाल दीर्घिकेचा प्रकाश पडेल, जिथे तुम्ही थोड्या वेळापूर्वी उभे होतात. पाऊण तासभर तो गोळा केला की वर्णपट मिळतो. जुन्या ताऱ्यांच्या प्रकाशात कॅल्शियमच्या दोन ठळक काळ्या रेषा असतात. प्रयोगशाळेत त्यांतली एक ३९३४ अँगस्ट्रॉमवर दिसते. तुमच्या वर्णपटात ती ५३११ वर आहे. भागाकार करा: १.३५. तो प्रकाश निघाल्यापासून विश्व १.३५ पट ताणले गेले. रेषा लाल टोकाकडे सरकल्या म्हणून याला ताम्रच्युती म्हणतात, आणि तिचे मूल्य इथे ०.३५ आहे. दीर्घिकेची दिशा भोकाच्या जागेवरून कळली, खोली ताम्रच्युतीवरून. नकाशावर एक बिंदू उमटला.

असे ४६,७४८ बिंदू झाले. आता प्रत्येक दोन बिंदूंमधले अंतर मोजायचे आणि कोणत्या अंतरावर किती जोड्या आहेत ते लिहायचे. आपल्या ४८ कोटी प्रकाशवर्षांच्या कवचापुरते पाहिले तर नकाशाच्या कडांकडे तूर्त दुर्लक्ष करून एकोणीस लाखांच्या आसपास जोड्या होतात. त्यांचा एक टक्का म्हणजे एकोणीस हजार. तेवढ्या जोड्यांमध्ये निव्वळ योगायोगाचा फरक चौदाशेच्या घरात असतो. मघाशी एकाही दीर्घिकेइतकी नसलेली भर इथे योगायोगाच्या दहापटीहून मोठी झाली.

एवढ्यावर हुरळून जाऊ नका. या जोड्या एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत. एखादा मोठा दीर्घिकासमूह एका भागात असला तर तो हजारो जोड्यांमध्ये पुन्हा पुन्हा मोजला जातो. नकाशात खरोखर स्वतंत्र असे भाग फार थोडे आहेत. त्यामुळे कागदावर अवाढव्य वाटणारी खात्री प्रत्यक्षात ३.४ सिग्मावर येते. चांगली, पण वादातीत नव्हे.

आणि 'जास्त' म्हणजे कशापेक्षा जास्त? यासाठी संगणकात एक खोटे आकाश रचतात. त्यात बिंदू कसेही विखुरलेले असतात, पण नकाशाच्या कडा, आपल्या आकाशगंगेच्या धुळीने झाकलेले भाग, तेजस्वी ताऱ्यांमुळे सोडून दिलेल्या जागा आणि कुठल्या तबकडीवर किती दीर्घिका निसटल्या हे सगळे खऱ्यासारखेच असते. खऱ्या जोड्यांना या खोट्या जोड्यांनी भागतात. सगळ्या चुका इथेच शिरतात. दोन तंतू ५५ आर्कसेकंदांहून जवळ खोवता येत नाहीत, म्हणून दाट भागांतल्या काही दीर्घिका मोजायच्या राहतात. धुळीचा नकाशा थोडा चुकला की एका पट्ट्यात दीर्घिका कमी भासतात. पण अशा चुका आलेखाची रेघ सावकाश वर किंवा खाली झुकवतात. एका विशिष्ट अंतरावर अरुंद उंचवटा त्यांना सहसा उभा करता येत नाही. खरा ठसा ओळखण्याची खूण ही की तो अरुंद आहे, आणि तो गणिताने आधीच सांगितलेल्या जागी आहे.

जानेवारी २००५ मध्ये सॅन डिएगोला अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे अधिवेशन भरले, तिथे तो उंचवटा जाहीर झाला. डॅनियल आयझेनस्टाइन हे त्याविषयीच्या निबंधाचे पहिले लेखक. ऑस्ट्रेलियातल्या अँग्लो-ऑस्ट्रेलियन दुर्बिणीने दोन लाखांहून जास्त दीर्घिका मोजल्या होत्या. शॉन कोल आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या मांडणीत हाच ठसा वेगळ्या पद्धतीने शोधून त्याच वेळी मांडला. वेगळी दुर्बीण, आकाशाचा बराचसा वेगळा भाग, वेगळी माणसे आणि लांबी तीच. एकट्या ३.४ सिग्मापेक्षा मला या जुळणीचे वजन जास्त वाटते.

मोजपट्टी हाती आल्यावर तिचा उपयोग सरळ आहे. लांबी ठाऊक असलेली वस्तू किती लहान दिसते यावरून ती किती दूर आहे ते कळते. ताम्रच्युती ०.३५ असलेल्या दीर्घिकांमध्ये ही लांबी आकाशात सुमारे सहा अंशांचा कोन करते, पौर्णिमेचे बारा चंद्र शेजारी शेजारी ठेवले तर होईल तेवढा. पार्श्वभूमी प्रारणात, म्हणजे लाट थांबली त्या वेळच्या आकाशात, तीच लांबी जेमतेम ०.६ अंशांची दिसते. सहा अंशांवरून अंतर निघाले सुमारे ४४७ कोटी प्रकाशवर्षे, पाच टक्के इकडे-तिकडे.

इथे तुम्ही हटकायला हवे. जोड्यांमधले अंतर मोजण्यासाठी ताम्रच्युतीचे अंतरात रूपांतर केले, आणि त्यासाठी विश्व कसे फुगले हे आधीच गृहीत धरले. मग निष्कर्षात तेच बाहेर येणार नाही का? उत्तर असे की गृहीत चुकले तर सगळा नकाशा एका प्रमाणात फुगतो किंवा आकसतो, आणि उंचवटाही त्याच प्रमाणात सरकतो. गृहीत धरलेल्या नकाशात तो १४७ ऐवजी १५० मेगापार्सेकवर आला, तर नकाशाची अंतरे सुमारे दोन टक्क्यांनी जास्त धरली गेली होती, एवढेच त्यातून कळते. प्रत्यक्षात मोजतात ते हे सरकणेच.

आता पुन्हा मागे चला. या वेळी तुम्हाला दीर्घिकांना उलटे चालवायचे आहे. लाट थांबल्यानंतरच्या शेकडो कोटी वर्षांत प्रत्येक दीर्घिका जवळच्या दाट भागाकडे ओढली गेली आणि आपल्या मूळ जागेपासून दोन-तीन कोटी प्रकाशवर्षे सरकली. ४८ कोटींपुढे हे थोडे आहे, म्हणून पट्टीची सरासरी लांबी अर्ध्या टक्क्यानेही बदलत नाही. पण उंचवटा पसरट होतो आणि त्याचे टोक नेमके कुठे हे सांगणे अवघड जाते. २००७ मध्ये आयझेनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक उपाय सुचवला. दीर्घिका ज्यांनी ओढल्या ते दाट भाग याच नकाशात दिसतात. मग त्यांचे गुरुत्वाकर्षण काढा आणि प्रत्येक दीर्घिकेला जितकी ओढली गेली असेल तितकी मागे सरकवा. २०१२ मध्ये निखिल पद्मनाभन आणि सहकाऱ्यांनी हे स्लोनच्या लाल दीर्घिकांवर करून दाखवले. त्याच ०.३५ च्या अंतराची अनिश्चितता ३.५ टक्क्यांवरून १.९ टक्क्यांवर आली. एकही नवी दीर्घिका न मोजता झालेली ही सुधारणा मला या सगळ्या कथेतली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

शेवटचा मुक्काम ॲरिझोनातला किट पीक, तोहोनो ओधाम लोकांच्या भूमीवरचा डोंगर. इथल्या चार मीटरच्या मेयॉल दुर्बिणीवर मे २०२१ पासून डेसी हे उपकरण काम करत आहे. हाताने तंतू खोवणे इथे संपले. पाच हजार छोटे यंत्रमानव आपापला तंतू स्वतः जागेवर नेतात. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत एक कोटी चाळीस लाखांहून अधिक दीर्घिका आणि क्वेसार होते. त्यातून विश्वाच्या वेगवेगळ्या वयांतल्या सात पल्ल्यांवर हीच पट्टी ठेवली गेली. सर्वांत लांबचा पल्ला अकराशे कोटी वर्षांपूर्वीचा. तिथे दीर्घिका नव्हे, तर दूरच्या क्वेसारांच्या प्रकाशात मधल्या हायड्रोजन वायूने पाडलेल्या सावल्या मोजतात. विश्लेषण पूर्ण ठरेपर्यंत उत्तर संशोधकांपासूनही लपवलेले असते. मोजमापात एक गुप्त बदल मिसळून ठेवतात आणि पद्धत कायम झाल्यावरच तो काढतात, म्हणजे हवे ते उत्तर यावे यासाठी कळत-नकळत कोणी हात फिरवू शकत नाही.

ही सात अंतरे, पार्श्वभूमी प्रारण आणि स्फोट पावणारे तारे एकत्र घेतले, तर विश्वाचे प्रसरण वाढवणारी कृष्णऊर्जा काळाबरोबर बदलते आहे, दुबळी होते आहे, असा कल दिसतो. ताऱ्यांच्या स्फोटांचा कोणता संग्रह वापरला त्यानुसार त्याची ताकद २.८ ते ४.२ सिग्मा येते. शोध म्हणायला पाच लागतात. पुण्याच्या आयुकातले वरुण साहनी यांनी अर्मान शाफिएलू आणि अलेक्सेई स्टारोबिन्स्की यांच्याबरोबर २०१४ मध्येच याच ध्वनिपट्टीच्या मोजमापांवरून कृष्णऊर्जा स्थिर नसावी असा संकेत मांडला होता. त्यांनी आधार घेतलेली दूरच्या क्वेसारांची विसंगती पुढे जास्त क्वेसार मोजल्यावर बरीच निवळली. आजचा कल जवळच्या विश्वातल्या मोजमापांवर जास्त टेकलेला आहे. नेमकी अडचण तिथेच आहे.

दुर्बिणीच्या घुमटातून बाहेर या आणि हिशेब करा. ताम्रच्युती ०.३५ पर्यंतच्या विश्वाची त्रिज्या १३९० मेगापार्सेकच्या आसपास आहे, आणि आपल्या कवचाची १४७. पहिल्याला दुसऱ्याने भागून घन करा: साडेआठशेच्या जवळ. म्हणजे आपल्यापासून तिथपर्यंत, पृथ्वीभोवतीच्या सगळ्या दिशा धरूनही, ही पट्टी जेमतेम साडेआठशे वेळा मावते. किट पीकवरून डेसी या आकाशाचा सुमारे एक तृतीयांश भाग पाहते, म्हणजे तीनशेहून कमी. दुर्बीण कितीही मोठी करा, तंतू पाच हजारांचे पन्नास हजार करा, इतक्या जवळ याहून जास्त स्वतंत्र कवचे नाहीत. दूरच्या पल्ल्यांवर आणखी वर्षे घालवून अचूकता वाढवता येईल. जवळच्या पल्ल्यावर दक्षिणेकडचे आकाश त्याच काटेकोरपणे मोजले की ही पट्टी लावायला तिथे नवी जागा उरणार नाही, आणि कृष्णऊर्जा गेल्या चारशे कोटी वर्षांत बदलली का, याचा उरलेला निवाडा ताऱ्यांचे स्फोट आणि दीर्घिकांचे वेग यांसारख्या दुसऱ्या साक्षींवर करावा लागेल.